तीच हाडं, वेगळं मशीन

एकसष्ट वर्षांच्या एका बाईंचे दोन रिपोर्ट समोर ठेवू. बाई काल्पनिक आहेत, पण असे आकडे कुठल्याही हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर दिसतात. पहिला रिपोर्ट नाशिकचा. कमरेच्या चार मणक्यांची, म्हणजे L1 ते L4 ची, घनता दर चौरस सेंटिमीटरला 0.905 ग्रॅम आणि टी-स्कोअर उणे 2.3. आईच्या आईला म्हातारपणी खुब्याचं फ्रॅक्चर झालेलं, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ती ही गोळी. बाईंनी ती दोन वर्षं नेमानं घेतली. मग त्या मुलीकडे पुण्याला राहायला आल्या आणि दुसरी तपासणी तिथल्या एका सेंटरमध्ये झाली. घनता 0.812, टी-स्कोअर उणे 2.1.

मुलीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ती बुचकळ्यात पडली. घनता 0.905 वरून 0.812 वर आली, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त हाड गेलं. टी-स्कोअर मात्र उणे 2.3 वरून उणे 2.1 वर आला, म्हणजे हाडं सुधारली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? शंका मुलीला आली हे बाईंचं नशीब. अनेक घरांत फक्त टी-स्कोअर बघून पेढे वाटले जातात, नाहीतर फक्त घनता बघून "गोळीचा उपयोग नाही" म्हणून ती बंद होते आणि महागड्या इंजेक्शनांची चर्चा सुरू होते.

खरं तर या दोन कागदांवरून हाडं सुधारली की बिघडली, यातलं काहीच सांगता येत नाही. नाशिकचं मशीन एका कंपनीचं होतं आणि पुण्याचं दुसऱ्या. डेक्साच्या जगात वर्षानुवर्षं दोन मोठी नावं आहेत, जीईच्या मालकीची लूनार आणि होलॉजिक. नॉरलँडसारख्या आणखीही काही कंपन्या आहेत, पण बहुतेक रिपोर्टांवर या दोनांपैकी एक नाव सापडतं. एकाच माणसाचा एकच मणका सकाळी लूनारवर आणि दुपारी होलॉजिकवर मोजला, तर लूनारचा आकडा साधारण बारा-तेरा टक्क्यांनी जास्त येतो. त्यात कुठलंही मशीन बिघडलेलं नसतं. दोन्ही आपापल्या मापानं बरोबर असतात.

मग टी-स्कोअर उलट्या दिशेनं का गेला? टी-स्कोअर म्हणजे तुमची घनता तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून किती पायऱ्या खाली आहे, याचा आकडा. ही सरासरी आणि पायरीची उंची प्रत्येक कंपनीच्या मशीनमध्ये वेगळी भरलेली असते. मणक्यासाठी लूनारच्या मशीनमध्ये सरासरी 1.18 आणि पायरी 0.12 अशी आहे. होलॉजिकमध्ये सरासरी 1.047 आणि पायरी 0.11. आता आपल्या बाईंचा हिशेब करू. नाशिकला 1.18 मधून 0.905 वजा केले की 0.275 उरतात, त्यांना 0.12 नं भागलं की 2.3. पुण्याला 1.047 मधून 0.812 वजा केले की 0.235, भागिले 0.11, म्हणजे 2.1. आकडा आणि ज्याच्याशी तुलना करायची तो संदर्भ, दोन्ही एकदमच बदलले. म्हणून टी-स्कोअर वरवर जवळपास सारखा दिसतो. आजार आहे की नाही हे ठरवायला टी-स्कोअर उपयोगी असतो. औषधानं किती फरक पडला हे बघायला मात्र घनताच वापरायची असते, तीही एकाच मशीनवरची.

एवढा फरक का पडतो, हे कळायला मशीन नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून आरपार पाठवतात. हाडातलं कॅल्शियम कमी ऊर्जेचे किरण जास्त प्रमाणात अडवतं. स्नायू आणि चरबीमुळे दोन्ही ऊर्जांमध्ये पडणारा फरक त्यापेक्षा कमी असतो. शाळेत दोन समीकरणांतून दोन अज्ञात संख्या काढायला शिकवतात, तसंच इथं दोन मोजमापांतून हाड आणि मऊ मांस वेगळं काढलं जातं. तत्त्व सगळ्यांचं एकच आहे. ते अमलात आणायच्या पद्धती मात्र वेगळ्या. होलॉजिकमध्ये नळीचा विद्युतदाब जलद गतीनं आलटून पालटून बदलतात, आणि मशीनच्या आत हाडासारख्या व मांसासारख्या पदार्थांचे तुकडे बसवलेलं एक चाक सतत फिरत असतं. त्यातून जाणाऱ्या किरणांवरून मशीन स्वतःला तपासत राहतं. लूनारमध्ये दाब स्थिर असतो आणि वाटेत सिरियमसारख्या धातूची गाळणी लावून किरणांचे दोन गट पाडले जातात. शिवाय एक ग्रॅम हाड कशाला म्हणायचं याचं मूळ प्रमाणही ज्या कंपनीनं त्या कंपनीनं स्वतःपुरतं ठरवलं. 1987 मध्ये पहिलं व्यापारी डेक्सा मशीन आलं तेव्हा कुठलाही सामाईक मापदंड नव्हता. पुढं हजारो रुग्णांच्या नोंदी त्या त्या मापात जमा झाल्यावर आपलं माप बदलायला कोण तयार होणार?

याहून महत्त्वाचा, आणि फारसा कुणी न सांगणारा भाग आहे तो हाडाची कड शोधण्याचा. डेक्साचा आकडा भागाकारातून येतो. हाडातली खनिजं किती ग्रॅम, भागिले चित्रात हाडानं व्यापलेली जागा किती चौरस सेंटिमीटर. म्हणजे हाड कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं. मणक्याची कड एकदम तुटलेली नसते, ती पातळ होत होत मांसात विरते. भरती-ओहोटीच्या मधल्या ओल्या वाळूत समुद्र नेमका कुठं संपतो, हे ठरवण्यासारखंच हे काम. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर आपल्या नियमानं ती रेघ मारतं.

ही रेघ जराशी सरकली तर काय होतं पाहा. समजा चार मणक्यांत मिळून 45 ग्रॅम खनिज आहे आणि सॉफ्टवेअरनं 54 चौरस सेंटिमीटर जागा धरली आहे. घनता आली 0.833. आता दुसऱ्या नियमानं कडेची 3 चौरस सेंटिमीटर पातळ जागा सोडून दिली आणि त्या जागेत मिळून 1 ग्रॅमच खनिज होतं. उरलं 44 ग्रॅम, भागिले 51, म्हणजे 0.863. खनिज कमी मोजलं गेलं आणि घनता मात्र साडेतीन टक्क्यांनी वाढली! औषध न घेता, एकही दिवस न जाता. हाडं जितकी विरळ, तितकी त्यांची कड पुसट, आणि तितका हा घोळ मोठा. ज्या रुग्णांसाठी ही तपासणी सगळ्यात जास्त गरजेची, त्यांच्याच बाबतीत तिची रेघ सगळ्यात डळमळीत असते. विचित्र आहे, पण असं आहे.

खुब्यात आणखी एक गंमत. मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि खालचा दांडा यांच्यामधला जो अरुंद भाग, त्याला फीमोरल नेक म्हणतात. वयस्कर माणसं पडली की बऱ्याचदा हाड तिथंच मोडतं. मोजमापासाठी दोन्ही कंपन्या त्यावर एक चौकोन ठेवतात. लूनारचा चौकोन नेकच्या मधल्या अरुंद भागात बसतो, होलॉजिकचा त्याहून खाली, बाहेरच्या उंचवट्याच्या जवळ. नाव एकच, पण मोजलेली जागा एक नाही. म्हणून दोन कंपन्यांचे फीमोरल नेकचे आकडे जुळवण्याच्या फंदात पडूच नये. पाठपुराव्यासाठी जाणकार डॉक्टर मणका आणि 'टोटल हिप', म्हणजे खुब्याचा मोठा भाग, यांच्यावर जास्त भर देतात. मोठ्या भागावर चौकोन थोडा इकडे-तिकडे झाला तरी आकडा कमी हलतो.

मग सगळ्यांचं माप एक करायचा प्रयत्न कुणी केलाच नाही का? केला. नव्वदच्या दशकात तिन्ही कंपन्यांनी मिळून एक समिती नेमली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात हॅरी जेनंट आणि सहकाऱ्यांनी शंभर स्त्रियांचे मणके तिन्ही कंपन्यांच्या मशीनवर मोजले. त्याबरोबर मणक्याचा एक कृत्रिम नमुनाही तिन्हींवर तपासला. 1994 मध्ये त्यातून रूपांतराची सूत्रं निघाली. लूनारच्या आकड्याला 952.2 नं गुणायचं, होलॉजिकच्या आकड्याला 1075.5 नं, की दोन्ही एका सामाईक मापात येतात. त्याला प्रमाणित घनता म्हणतात आणि ती मिलिग्रॅममध्ये लिहितात.

आपल्या बाईंना ही सूत्रं लावून पाहू. नाशिकचे 0.905 गुणिले 952.2, म्हणजे सुमारे 862. पुण्याचे 0.812 गुणिले 1075.5, म्हणजे सुमारे 873. दहा टक्क्यांची घट गायब झाली आणि सव्वा टक्क्याची वाढ दिसू लागली. हे बघून "चला, गोळी लागू पडली" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. ही सूत्रं शंभर जणींच्या सरासरीवर बेतलेली आहेत. सरासरीला ती छान लागू पडतात, पण एकेका बाईचा आकडा सूत्राच्या रेषेपासून वर-खाली असतो. पोटाची जाडी, चरबीचं प्रमाण, मणक्यांचा आकार यांवर दोन मशीनमधला फरक थोडा थोडा बदलतो. शिवाय ती सूत्रं त्या काळच्या मॉडेलांवर आणि L2 ते L4 अशा तीन मणक्यांवर काढलेली. मोठ्या संशोधनात निरनिराळ्या शहरांतले आकडे एकत्र करायला ती उपयोगी आहेत. एका रुग्णाचं औषध बदलायचं की नाही हे त्यांवरून ठरवू नये. आपल्या बाईंच्या बाबतीत सूत्रानं एवढंच कळतं की दहा टक्क्यांच्या घटीची भीती बहुधा मशीनमुळे आली होती. प्रत्यक्षात हाड चार टक्क्यांनी वाढलं की तीन टक्क्यांनी घटलं, हे ते सांगू शकत नाही. आणि जाणून घ्यायचं होतं ते नेमकं हेच.

कारण हाडातले बदल संथ असतात. पाळी थांबल्यानंतर बाईच्या मणक्यातलं हाड ढोबळमानानं वर्षाला एक ते दोन टक्के घटतं, पाळी थांबण्याच्या आसपासची काही वर्षं याहून वेगानं. ॲलेन्ड्रोनेटसारखं औषध नीट लागू पडलं तर दोन-तीन वर्षांत मणक्याची घनता पाचेक टक्क्यांनी वाढते, खुब्याची त्याहून कमी. शोधायचं असतं ते हे एवढंसं. त्यावर बारा-तेरा टक्क्यांचा कंपनीचा फरक येऊन पडला की खाली काही दिसतच नाही.

आणि मशीन तेच असलं तरी आकडा हुबेहूब तोच येत नाही. बाई टेबलावर उठून पुन्हा झोपल्या तरी एक-दीड टक्का इकडे-तिकडे होतो. पाय किती आत वळवला, कंबर किती सरळ होती, टेक्निशियननं मणके मोजायला कुठून सुरुवात केली, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून चांगलं सेंटर स्वतःची चूक मोजून ठेवतं. त्याची पद्धत ठरलेली आहे. तीस जणांची तपासणी दोनदा करायची, किंवा पंधरा जणांची तीनदा, आणि दर वेळी माणसाला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवायचं. त्यातून त्या सेंटरची सरासरी चूक निघते. तिला 2.77 नं गुणलं की मिळतो तो 'लीस्ट सिग्निफिकंट चेंज', म्हणजे खरा मानावा असा कमीत कमी बदल. समजा चूक 0.010 ग्रॅम निघाली, तर हा उंबरठा सुमारे 0.028 ग्रॅम. 0.905 घनतेच्या बाईंचा आकडा त्याच सेंटरला 0.925 आला, तर 'वाढ झाली' असं म्हणायचं नाही. 0.940 आला तर म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय संघटना आयएससीडीनं टेक्निशियनच्या चुकीची मर्यादा घालून दिली आहे. मणक्यासाठी 1.9 टक्के, टोटल हिपसाठी 1.8 टक्के, फीमोरल नेकसाठी 2.5 टक्के. चूक याहून जास्त निघाली तर त्या टेक्निशियनला पुन्हा प्रशिक्षण द्यावं, असं ती सांगते.

हा उंबरठा एका सेंटरचा, एका मशीनचा असतो. मशीन बदललं की तोही निरुपयोगी होतो. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन मशीन असली तरी त्यांच्यात टक्काभर फरक असू शकतो. म्हणून 'तीच कंपनी' पुरत नाही. तेच मशीन हवं, त्याच खोलीतलं. मोठ्या हॉस्पिटलांत शेजारी शेजारी दोन मशीन असतात आणि जे रिकामं असेल त्यावर रुग्णाला पाठवतात. ही सोय मला फारशी पटत नाही. रिसेप्शनवर "मागच्या वेळी कुठल्या मशीनवर झालं होतं?" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

आता सॉफ्टवेअरकडे वळू, कारण इथं मशीनही तेच असतं, खोलीही तीच, काकूंना ओळखणारा टेक्निशियनही तोच, आणि तरी आकडा हलतो. कंपनीचा इंजिनिअर वर्षाच्या देखभालीला येतो, संगणक बदलतो किंवा नवी आवृत्ती टाकतो. नव्या आवृत्तीत कड शोधण्याचा नियम सुधारलेला असू शकतो. लहान मुलांसाठी, फार कमी वजनाच्या किंवा फार विरळ हाडांच्या रुग्णांसाठी वेगळी पद्धत आलेली असू शकते आणि ती आपोआप लागूही होत असते. वर 54 ऐवजी 51 चौरस सेंटिमीटरचं जे उदाहरण पाहिलं, ते अशा वेळी एकाच मशीनवर घडतं. किंवा हाडाच्या मोजमापाला कुणी हात लावत नाही, फक्त तुलनेचा तक्ता बदलतो. याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. पूर्वी खुब्याच्या टी-स्कोअरसाठी कंपन्या स्वतः जमवलेल्या तरुण स्त्रियांची सरासरी वापरत. नव्वदच्या दशकात अमेरिकी सरकारच्या एनएचएएनईएस या मोठ्या आरोग्य पाहणीतून खुब्याची नवी सरासरी मिळाली आणि कंपन्यांनी ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. होलॉजिकच्या मशीनवर फीमोरल नेकचे टी-स्कोअर त्यामुळे एकदम वर सरकले. काल ज्या बायकांना ऑस्टिओपोरोसिस होता, त्यांतल्या काहींना आज तो उरला नाही. हाडं होती तशीच होती.

आपल्याकडे या तक्त्याचा प्रश्न आणखी वेगळ्या अंगानं येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भारतीय स्त्री-पुरुषांच्या तारुण्यातल्या हाडांच्या घनतेची स्वतःची सरासरी प्रसिद्ध केली आहे आणि ती गोऱ्या लोकांच्या सरासरीपेक्षा कमी आहे. मशीनमध्ये कुठला तक्ता निवडला आहे, त्यावर एकाच बाईंचा टी-स्कोअर वेगळा येतो. तुलना भारतीयांशी केली तर बाई बऱ्या दिसतात, गोऱ्यांशी केली तर आजारी. कुठला वापरावा यावर वाद आहे, तो इथं नको. पण पहिल्या वेळी एक तक्ता आणि दुसऱ्या वेळी दुसरा, असं झालं तर टी-स्कोअरच्या तुलनेला काही अर्थ राहत नाही. ग्रॅममधल्या घनतेला मात्र या तक्त्यानं काही होत नाही.

व्यायामशाळेतल्या ज्या तरुणांना चरबी आणि स्नायू मोजायला डेक्सा करायची हौस असते, त्यांच्यासाठीही एक ताकीद. 2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की होलॉजिकचं एक मॉडेल चरबीविरहित वजन पाचेक टक्क्यांनी जास्त दाखवतं. नंतर त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती चालू-बंद करण्याची सोय आली. पर्यायाचं नाव NHANES BCA. साठ किलोच्या माणसाची दुरुस्तीआधी चरबी 18 किलो, म्हणजे तीस टक्के असेल, तर दुरुस्ती चालू केल्यावर ती 20 किलोच्या वर जाते, म्हणजे जवळपास चौतीस टक्के. तीन महिने घाम गाळून चरबी वाढली म्हणून रडत बसण्याआधी ते एक बटण तपासायला हवं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत एक दिलासा आहे. मशीन बदललं तर जुनी हाडं पुन्हा मोजता येत नाहीत, पण सॉफ्टवेअर बदललं तर जुनं स्कॅन पुन्हा तपासता येतं. किरणांची मूळ नोंद संगणकात साठवलेली असते. टेक्निशियन ती उघडून नव्या आवृत्तीत पुन्हा विश्लेषण करू शकतो, तेच मणके, त्याच रेघा, तोच चौकोन ठेवून. दोन्ही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या स्कॅनमधल्या रेघा नव्यावर आणून ठेवायची सोय असते. मग दोन्ही आकडे एकाच नियमानं काढलेले होतात. पण त्यासाठी मूळ नोंद जपलेली असावी लागते. रुग्णाच्या हातातली छापील प्रत किंवा मोबाइलवर आलेली पीडीएफ इथं उपयोगी पडत नाही, तिच्यातून पुन्हा विश्लेषण करता येत नाही. म्हणून जुनं सेंटर बंद होतंय असं कळलं, तर चांगल्या डॉक्टरांना आधी त्या नोंदींची काळजी वाटते.

मशीन कधी तरी बदलावंच लागतं, दहा-पंधरा वर्षांत ते म्हातारं होतं. तेव्हा काय करायचं याचेही नियम आहेत. नवं मशीन त्याच तंत्राचं असेल, तर कृत्रिम मणका, ज्याला फॅन्टम म्हणतात, तो जुन्यावर दहा वेळा आणि नव्यावर दहा वेळा मोजायचा. सरासरीत एक टक्क्याहून जास्त फरक निघाला तर कंपनीला बोलवायचं. नवं मशीन वेगळ्या तंत्राचं किंवा वेगळ्या कंपनीचं असेल, तर फॅन्टम पुरत नाही. प्लास्टिकच्या मणक्याला पोट नसतं आणि त्याची कडही माणसासारखी विरत नाही. तेव्हा खरेच तीस रुग्ण घ्यायचे, प्रत्येकाला जुन्या मशीनवर एकदा आणि नव्यावर दोनदा, साठ दिवसांच्या आत. त्यातून दोन मशीनमधलं नातं आणि नवा उंबरठा काढता येतो. हे सगळं होईपर्यंत जुनं मशीन भंगारात देता येत नाही, आणि खरी अडचण तिथंच येते. एक्स्चेंजमध्ये जुनं मशीन देऊन नवं घेण्याचा व्यवहार ठरलेला असतो, नवं आलं त्याच टेम्पोतून जुनं जातं. मग त्या सेंटरच्या सगळ्या जुन्या रुग्णांचा धागा एका दुपारी तुटतो.

धागा तुटला असेल तर प्रामाणिक रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असतं: आधीची तपासणी वेगळ्या मशीनवर झाली असल्यानं तुलना करता येत नाही, ही नवी सुरुवात समजावी. हे वाक्य वाचून रुग्ण नाराज होतात. पैसे भरले आणि उत्तर मिळालं नाही असं त्यांना वाटतं. माझ्या मते ज्या रिपोर्टवर हे वाक्य आहे, त्या सेंटरवर जास्त विश्वास ठेवावा. जो रिपोर्ट दोन कंपन्यांचे आकडे एका आलेखावर जोडून 'उणे 10.3 टक्के' असं लाल अक्षरांत छापतो, त्याच्यापासून जपून.

शिबिरांतल्या तपासणीचाही उल्लेख हवा. सोसायटीत, महिला मंडळात, औषधाच्या दुकानाबाहेर टाचेवर जे छोटं यंत्र लावून 'बीएमडी' मोजतात, ते बहुतेक वेळा अल्ट्रासाउंडचं असतं, डेक्साचं नाही. त्यातूनही टी-स्कोअर नावाचाच आकडा बाहेर पडतो. टाचेतून ध्वनी किती वेगानं गेला, हे त्यात मोजलेलं असतं. त्या आकड्याची मणक्याच्या डेक्साशी तुलना कुठल्याही सूत्रानं होत नाही. तिथं आकडा वाईट आला तर डेक्सा करून घ्यायचं, एवढाच त्याचा उपयोग.

आता आपला रिपोर्ट हातात घेऊन काय बघायचं? बहुतेक रिपोर्टांच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती छापलेली असते. लूनारच्या कागदावर enCORE आणि पुढं एक आकडा, होलॉजिकच्या कागदावर कंपनीचं नाव आणि Version असं दिसतं. दोन्ही रिपोर्टांवर हे जुळतं का, ते आधी बघावं. मग मणके: एकावर L1-L4 आणि दुसऱ्यावर L2-L4 असेल तर आकडे वेगळे येणारच, कारण वरचा मणका सहसा खालच्यांपेक्षा विरळ असतो. खुबा डावा की उजवा, तेही. आणि शेवटी तो रकाना, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: Area. मोठ्या माणसाचे मणके दोन वर्षांत रुंद होत नाहीत. 54 चौरस सेंटिमीटरचे 58 किंवा 50 झाले असतील, तर घनतेचा बदल वाचण्याआधी कड कुठं मारली आहे ते टेक्निशियनला दाखवायला सांगावं. मशीन तेच असूनही क्षेत्रफळ बदललं असेल, तर बऱ्याचदा आवृत्ती बदललेली असते, नाहीतर एखादा मणका चुकून वर-खाली मोजलेला असतो. दोन्ही गोष्टी जुन्या स्कॅनचं पुन्हा विश्लेषण करून सुधारता येतात, नव्यानं तपासणी न करता.

आपल्या बाईंपुढं आता दोन वाटा आहेत. नाशिकचं मशीन अजून चालू असेल, तर पुढची तपासणी तिथं जाऊन करावी. एसटीचं भाडं वाया गेलेल्या तपासणीपेक्षा स्वस्त पडतं, आणि डेक्साचे किरण इतके कमी असतात की एका जास्तीच्या तपासणीची भीती नाही. ते मशीन गेलं असेल, तर पुण्याचा 0.812 हा आकडा पहिला समजावा. दोन वर्षांनी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर जावं, आणि त्या सेंटरचा उंबरठा किती ग्रॅमचा आहे ते तिथंच विचारून रिपोर्टवर लिहून घ्यावं. तोवर गोळी चालू ठेवायची की बदलायची, हे डॉक्टर मधल्या काळात झालेलं फ्रॅक्चर, उंचीतली घट आणि रक्तातल्या हाडांच्या चाचण्या बघून ठरवतात. दहा टक्क्यांच्या त्या घटीचा त्या निर्णयात काही भाग नसतो.